पाच कर्जांचा सरासरी दर पाचाने भागून निघत नाही

वाचकाचं पत्र

आम्ही नाशिकला राहतो. मी शाळेत शिक्षिका, मिस्टर सातपूरला कंपनीत. दोघांचे मिळून १ लाख ५ हजार हातात येतात. घराचं कर्ज २४ लाख बाकी आहे, दर साडेआठ टक्के, तेरा वर्षं उरलीत. गाडीचं ३ लाख ६० हजार, साडेनऊ टक्के, तीन वर्षं. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं पर्सनल लोन २ लाख ४० हजार, सोळा टक्के, दोन वर्षं. पतसंस्थेत पाटल्या आणि गंठण ठेवून घेतलेले दीड लाख, बारा टक्के. तिथे फक्त महिन्याचं व्याज भरतो. क्रेडिट कार्डावर ९० हजार, दर ४२ टक्के. महिन्याला ५ हजार भरतो. सगळं मिळून ५५ हजार २५० रुपये जातात. ओळखीतला एक एजंट म्हणतो, पाचही कर्जं बंद करा, एका फायनान्स कंपनीकडून घरावर ३२ लाख ४० हजारांचं एकच कर्ज घ्या. सव्वाअकरा टक्के, पंधरा वर्षं, हप्ता ३७ हजार ३३६. मी पाचही दर मिळवून पाचाने भागले तर १७.६ टक्के आले. म्हणजे १७.६ वरून थेट ११.२५! मिस्टर म्हणतात, सही करून टाकू. मला भीती वाटतेय, पण कशाची ते सांगता येत नाही. काय करावं?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, तुमची भीती योग्य जागी आहे. ती कुठे आहे ते आकड्यांत दाखवता येतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पत्रात तुम्ही प्रत्येक कर्जाची बाकी, दर आणि उरलेली मुदत दिली, हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसते हप्ते असतात आणि हप्त्यांवरून काहीच कळत नाही.

सुरुवात त्या १७.६ पासून करू. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा वर्गातलंच उदाहरण घेतो. अ तुकडीत ६० मुलं आहेत आणि त्यांची गणितातली सरासरी ५० गुण आहे. ब तुकडीत सहाच मुलं आहेत आणि त्यांची सरासरी ९०. मुख्याध्यापकांनी दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी विचारली, तर तुम्ही ७० सांगाल का? नाही सांगणार. साठ मुलांचे ३,००० आणि सहा मुलांचे ५४० असे ३,५४० गुण ६६ मुलांत वाटाल आणि ५३.६ सांगाल. ज्या तुकडीत मुलं जास्त, तिचा जोर जास्त.

कर्जांचंही अगदी तसंच आहे. तुमच्या ३२ लाख ४० हजारांतले २४ लाख साडेआठ टक्क्यांचे आहेत आणि ४२ टक्क्यांचे आहेत फक्त ९० हजार. दर नुसते मिळवून पाचाने भागले की त्या ९० हजारांना २४ लाखांइतकाच मान मिळतो. हिशेब बिघडला तो तिथे. प्रत्येक दराला त्याच्या बाकी रकमेचं वजन देऊन काढायची ती भारित सरासरी. ती काढायला सूत्र पाठ करावं लागत नाही. प्रत्येक कर्जावर वर्षाला किती व्याज चढतं ते काढायचं, सगळं व्याज मिळवायचं आणि एकूण बाकीने भागायचं.

पण त्याआधी प्रत्येक दर खरा आहे का, ते तपासू. याला एक साधी रीत आहे आणि ती कुणाच्याही शब्दावर अवलंबून नाही. गेल्या महिन्यात त्या कर्जावर किती व्याज लागलं ते स्टेटमेंटमध्ये बघायचं, त्याला बाराने गुणायचं आणि महिन्याच्या सुरुवातीच्या बाकीने भागायचं. गाडीच्या कर्जावर या महिन्यात २,८५० रुपये व्याज लागलं असेल तर वर्षाचे ३४,२०० झाले. ३ लाख ६० हजारांवर ते बरोबर साडेनऊ टक्के होतात. म्हणजे तुम्हाला सांगितलेला दर घटत्या बाकीवरचाच आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुचाकी किंवा घरातल्या वस्तूंच्या कर्जाला कधी कधी 'फ्लॅट' दर सांगतात, म्हणजे पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज. तीन वर्षांसाठी 'आठ टक्के फ्लॅट' म्हणजे घटत्या बाकीवर जवळजवळ साडेचौदा टक्के. तो आठ तसाच सरासरीत टाकला तर सगळा हिशेब खोटा पडतो.

तुमच्या यादीतही सांगितलेल्यापेक्षा जास्त पडणारा एक दर आहे, आणि तो कार्डाचा. कार्डाचं बिल हातात घ्या आणि व्यवहारांच्या यादीत खाली या. 'फायनान्स चार्जेस' अशी एक ओळ दिसेल. ९० हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी ती ३,१५० च्या आसपास असेल. तिच्याच खाली 'आयजीएसटी' किंवा 'सीजीएसटी, एसजीएसटी' असं लिहून आणखी ५६७ रुपये लावलेले असतील. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. गृहकर्जाच्या व्याजावर तो लागत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा कार्डाचा महिन्याचा भार ३,७१७ रुपये, म्हणजे वर्षाला ४९.५६ टक्के. तुम्ही भरता त्या ५ हजारांतले ३,७१७ इथेच संपतात आणि मुद्दल कमी होतं १,२८३ रुपयांनी.

आता वर्षाचं व्याज मांडू. घराचे २ लाख ४ हजार, गाडीचे ३४,२००, पर्सनल लोनचे ३८,४००, पतसंस्थेचे १८,०००, कार्डाचे जीएसटीसह ४४,६००. बेरीज ३ लाख ३९ हजार २००. त्याला ३२ लाख ४० हजारांनी भागा. उत्तर येतं १०.४७ टक्के.

घरी संगणकावर तक्ता केलात, 'बी' रकान्यात बाकी आणि 'सी' रकान्यात दर भरलात आणि कार्डासाठी ४२ ऐवजी ४९.५६ लिहिलंत, तर एवढी एक ओळ पुरते:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUM(B2:B6)
```

तर ताई, आज तुम्ही सरासरी १०.४७ टक्क्यांनी पैसे वापरताय आणि एजंट तेच पैसे ११.२५ ला देऊ करतोय. जे स्वस्त होतंय असं वाटत होतं, ते महाग होतंय. पहिल्या वर्षाच्या चालीने ३ लाख ३९ हजारांच्या जागी ३ लाख ६४ हजार ५००, म्हणजे २५ हजारांहून थोडं जास्त व्याज. शिवाय प्रोसेसिंग फी असते. ती समजा एक टक्का धरली, तर ३२,४०० आणि त्यावर जीएसटी.

'पण मग हप्ता १८ हजारांनी कमी कसा होतो?' हा प्रश्न तुमचे मिस्टर विचारतील, आणि तो रास्त आहे. हप्ता कमी होतोय तो मुदतीमुळे, दरामुळे नव्हे. पर्सनल लोन दोन वर्षांत संपणार होतं आणि गाडी तीन वर्षांत. ती दोन्ही आता पंधरा वर्षांवर पसरवली जातील. गाडी भंगारात गेल्यानंतरही तिचे हप्ते चालू राहतील. आजच्या वाटेने गेलात तर पहिली दोन-तीन वर्षं जड आहेत, पण तीन वर्षांनी गाडीही सुटते आणि तोवर सोनं सोडवलेलं असेल तर मग महिन्याला घराचे २५ हजार ४६८ एवढेच उरतात. नव्या कर्जात तीन वर्षांनीही ३७ हजार ३३६ चालूच, आणि पुढे बारा वर्षं चालू. पंधरा वर्षांत त्या एका कर्जाचे एकूण ६७ लाखांहून जास्त भरले जातील. आजची पाचही कर्जं आहेत त्याच गतीने फेडलीत, सोनं दोन वर्षांनी सोडवलंत आणि कार्डावर नवी खरेदी केली नाहीत, तर एकूण भरणा साधारण ५० लाखांच्या आसपास राहतो. सुरुवातीची दोन वर्षं महिन्याला १८ हजार हातात खेळतात हे खरं आहे, पण त्याची किंमत ही एवढी आहे.

आता जरा थांबा. कारण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे आणि भारित सरासरी बरोबर काढणारेही तिथे चुकतात.

समजा उद्या दुसरा कुणी आला आणि म्हणाला, 'मी दहा टक्क्यांनी देतो.' दहा हे १०.४७ पेक्षा कमी आहे. मग घ्यावं का? वर्षाचं व्याज ३ लाख २४ हजार होईल, म्हणजे १५ हजार वाचतील. दिसायला फायदाच. पण आतून पाहा काय होतंय. घराचे २४ लाख साडेआठवरून दहावर गेले, तिथे ३६ हजारांचा तोटा. गाडीवर १,८०० चा. उरलेल्या तीन कर्जांवर मात्र ५३ हजारांचा नफा. म्हणजे कार्ड, पर्सनल लोन आणि पतसंस्था यांच्यावर जे कमावलं, त्यातलं जवळजवळ पाऊण घर आणि गाडीने खाल्लं. त्याच दहा टक्क्यांनी फक्त ती तीन कर्जं हलवली असती आणि घर-गाडीला हात लावला नसता, तर सगळे ५३ हजार वाचले असते.

म्हणून माझा आग्रह असतो की एकूण सरासरी काढून थांबू नये. जी कर्जं हलवायची आहेत, तेवढ्यांचीच वेगळी सरासरी काढावी. तुमच्या त्या तिघांची बाकी ४ लाख ८० हजार आणि वर्षाचं व्याज १ लाख १ हजार. सरासरी २१ टक्के. एकूण कर्जाच्या १५ टक्के रकमेवर एकूण व्याजाचे ३० टक्के जातात. एकट्या कार्डाचं पाहिलं तर बाकी एकूण कर्जाच्या तीन टक्केही नाही आणि व्याज १३ टक्के आहे. घराचं कर्ज आकड्याने मोठं आहे, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो. खरं तर पाचांत तेच सगळ्यात स्वस्त आहे. ते शेवटपर्यंत हलवू नका.

आणि ते न हलवण्याला दराखेरीज आणखी कारणं आहेत. तुमचं गृहकर्ज बँकेचं असेल आणि तरत्या दराचं, १ ऑक्टोबर २०१९ नंतर घेतलेलं असेल, तर ते बाहेरच्या एखाद्या मानक दराला, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, बांधलेलं असतं. रेपो उतरला की तुमचा दर उतरावाच लागतो. फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही, त्यांचा दर बहुधा त्यांच्या स्वतःच्या मूळ दराला जोडलेला असतो. शिवाय तुम्ही दोघांपैकी कुणी जुन्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट मिळते. घरावर काढलेल्या सर्वसाधारण कर्जात गाडी आणि कार्डाचे पैसे मिसळले की ही वजावट टिकवायला बरेच कागद काढावे लागतात आणि वादही होतो. आणि शेवटचं म्हणजे, कार्ड आणि पर्सनल लोन यांना आज काहीही तारण नाही. ती थकली तर वसुलीचे फोन येतील, सिबिल बिघडेल, पण त्यासाठी कुणी थेट तुमच्या घराला कुलूप लावू शकत नाही. घरावरच्या कर्जात ती विरघळली की तीही घराच्या जिवावर उभी राहतात.

मग करायचं काय? तुम्हाला वाटेल, सरळ त्या तीन कर्जांपुरता तुमच्या बँकेकडून गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घ्यावा. विचार बरोबर आहे, पण पर्सनल लोनपाशी पुन्हा थांबा. सोळा टक्के पाहून ते पहिलं बंद करावंसं वाटतं. सरासरीत दर आणि बाकी दिसते, उरलेली मुदत दिसत नाही. आणि तुमचं हे कर्ज दोनच वर्षांचं उरलंय. आहे तसं फेडलंत तर पुढचं एकूण व्याज ४२ हजार. तेच पैसे सव्वानऊ टक्क्यांनी घेऊन दोन वर्षांत फेडले तर व्याज २३ हजार ८००. वाचले १८ हजार. आता करारात मुदतपूर्व बंद करण्याचा आकार बघा. स्थिर दराच्या पर्सनल लोनला तो अनेकदा बाकीच्या चार टक्क्यांपर्यंत असतो. तुमच्या बाकीवर चार टक्के म्हणजे ९,६०० आणि जीएसटी धरून ११,३२८. हातात उरले जेमतेम ७ हजार, त्यातून टॉप-अपच्या फीचा वाटा जायचाच. एवढ्यासाठी कर्ज घराच्या तारणावर न्यावं असं मला वाटत नाही. ते आहे तिथे राहू द्या, दोन वर्षांत आपोआप संपेल. ज्या वाचकांचं असं कर्ज संपायला वर्षाहून कमी राहिलंय, त्यांनी तर ते बदलण्याच्या भानगडीत पडूच नये. व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो.

राहिलं कार्ड आणि पतसंस्था, मिळून २ लाख ४० हजार. एवढ्याच टॉप-अपचं बँकेत विचारा. दर साधारणपणे गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असतो. आपण सव्वानऊ टक्के धरू. कर्ज मंजूर होताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागून घ्या. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना ते सक्तीचं केलं आहे, आणि त्यात फी वगैरे धरून पडणारा वर्षाचा खरा दर 'एपीआर' म्हणून छापलेला असतो. तुलना करायची ती त्या आकड्याशी. बँक हप्ते आणि पगार यांचं प्रमाणही तपासेल. तुमचं आज ते ५३ टक्क्यांच्या जवळ आहे, म्हणजे कडेलाच. त्यामुळे अर्जातच लिहा की पैसे कार्डाच्या आणि पतसंस्थेच्या खात्यात परस्पर भरावेत. जुने दोन भार जाऊन नवा एक येतोय हे दिसलं की काम सोपं होतं.

मुदत मात्र पाच वर्षांचीच मागा. 'घराबरोबरच तेरा वर्षं करू, हप्ता कमी बसेल' असं काउंटरवर हमखास सांगतील. नको म्हणा. पाच वर्षांसाठी हप्ता ५,०११ येतो. आज तुम्ही या दोन कर्जांपायी साडेसहा हजार भरताच आहात, तेवढेच भरत राहा. वरचे दीड हजार मुद्दलात जमा करायला सांगा. तरत्या दराच्या अशा वैयक्तिक कर्जावर बँक मुदतपूर्व भरण्याचा दंड लावू शकत नाही. दोन वर्षांनी पर्सनल लोन संपलं की त्याचे ११ हजार ७५१ याच खात्यात वळवा. या चालीने पैसे काढल्यापासून ३१ व्या महिन्यात टॉप-अप संपतो. महिन्याचा खर्च आजच्यापेक्षा एक रुपयाही न वाढवता.

हेच न केलं तर? कार्डाचे ५ हजार भरत राहिलात तर ते फिटायलाच ३४ महिने लागतात, आणि त्या दिवशीही पतसंस्थेचे दीड लाख जसेच्या तसे उभे असतात, कारण तिथे मुद्दल कुणी भरलेलंच नाही. टॉप-अप घेतलात तर पाटल्या आणि गंठण मात्र पहिल्याच महिन्यात घरी येतात.

पुन्हा सरासरी काढून बघा. घर, गाडी, पर्सनल लोन आणि टॉप-अप मिळून वर्षाचं व्याज २ लाख ९८ हजार ८०० होईल, सरासरी ९.२२ टक्के. एकूण कर्ज तेवढंच, आणि वर्षाला ४० हजारांचा भार कमी. यातले ३६ हजार एकट्या कार्डाचे आहेत. म्हणूनच सांगतो, बँकेने टॉप-अप नाकारला तरी हातपाय गाळू नका. दागिने ठेवल्यानंतर सोन्याचा भाव चढला असेल आणि मूल्यांकनात बसत असेल, तर त्याच पतसंस्थेकडून त्याच दागिन्यांवर आणखी ९० हजार वाढवून घ्या आणि कार्ड बंद करा. बारा टक्के असले तरी वर्षाला जवळपास ३४ हजार वाचतात. टॉप-अपचा यापेक्षा जास्तीचा फायदा वर्षाला साडेसहा हजारांचा, आणि त्यात बँकेची फी, वकिलाचा अहवाल, मूल्यांकन हे सगळं आलं. तुम्हाला घराच्या कागदांना हात लावायचा नसेल तर हाही मार्ग मला पूर्ण पटतो. फक्त सोनं उशिरा सुटेल आणि तिथे नुसतं व्याज न भरता मुद्दलही भरत राहावं लागेल. पतसंस्था मुद्दल थोडं थोडं घेते का, ते आधी विचारा. काही ठिकाणी एकरकमीच घेतात.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही पण तक्ता करायला लागल्यावर तुम्हाला भुलवू शकते. ही सरासरी म्हणजे एका दिवसाचा फोटो. उद्या साडेआठ टक्क्यांनी आणखी दहा लाखांचं घरकर्ज काढलंत तर सरासरी लगेच दहाच्या आसपास उतरेल, आणि भार मात्र वर्षाला ८५ हजारांनी वाढलेला असेल. तेव्हा तक्त्यात तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा: सरासरी दर, वर्षाचं व्याज रुपयांत, आणि हप्त्यांचं पगाराशी प्रमाण. एकूण बोजा दिसतो तो दुसऱ्या आकड्यात. महिनाअखेरीला पैसे कमी पडतील का, ते तिसरा सांगतो. पहिल्याचं काम एवढंच, की नवा दर समोर आला की तो महाग की स्वस्त हे पारखायचं, आणि तेही जी कर्जं बदलणार आहात त्यांच्याच सरासरीशी. दर तीन महिन्यांनी बाकीचे आकडे नवे टाकले तरी पुरे.

तुमच्या मिस्टरांवर मात्र रागावू नका. दर महिन्याच्या पाच तारखेला पाच खात्यांतून पैसे कापले जाताना पाहणाऱ्या माणसाला 'एकच हप्ता' हे शब्द किती गोड लागतात, ते मी जवळून पाहिलंय. माझ्या टेबलासमोर बसलेल्या एका गृहस्थांनी पाच बँकांचे पाच मेसेज एकाखाली एक दाखवले होते आणि म्हणाले होते, 'पैशांचं नंतर बघू, हे मेसेज बंद करा.' त्यांची झोप उडाली होती आणि तीही एक खरी किंमत आहे. तुमच्याकडेही असं असेल तर सगळे हप्ते एकाच तारखेला, एकाच खात्यातून लावून घ्या आणि पगाराच्या दिवशीच ५५ हजार २५० त्या खात्यात टाका. डोक्याचा ताण बराच कमी होतो आणि त्यासाठी व्याज मोजावं लागत नाही. एजंटला काय सांगायचं असा प्रश्न पडला तर त्याच्याकडून त्याच्या कर्जाचं 'की फॅक्ट स्टेटमेंट' लेखी मागा आणि शेजारी १०.४७ लिहून दोघं मिळून बघा. ओळखीच्या माणसाला नाही म्हणायला कागद बरा पडतो.

आता कार्डाबद्दल एक शेवटची सूचना, कारण केलेलं काम इथे वाया जातं. बाकी थकलेली असताना कार्डावर नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून टॉप-अपचे पैसे येईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा, किराणाही त्यावर घेऊ नका. ९० हजार भरल्यानंतर पुढच्या बिलात पुन्हा काहीशे रुपयांचे 'फायनान्स चार्जेस' दिसतील. घाबरू नका, मागच्या बिलापासून भरणा झाला त्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं. ते 'किरकोळ आहे' म्हणून सोडू नका, त्याच आठवड्यात पूर्ण भरा. त्याच्या पुढच्या बिलात ती ओळ शून्य आली, की मगच तक्त्यातून कार्डाची ओळ काढून टाका.